रजेच्या काळात अधिकार सोपवणारे ईमेल : मर्यादा आणि वरिष्ठांकडे जाणारी वाट

व्यवस्थापक रजेवर जाताना सहकाऱ्याला जे ईमेल पाठवतो, त्याचे दोन प्रकार असतात. पहिल्यात केवळ माहिती असते : ‘मी तीन आठवडे नाही, तोवर अमुक व्यक्ती काम पाहील.’ दुसऱ्यात अधिकार दिलेला असतो : अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक रकमेपर्यंत माझ्या जागी निर्णय घेईल. पुष्कळ कार्यालयांत पहिल्या प्रकारचे ईमेल पाठवून दुसऱ्या प्रकारचा परिणाम अपेक्षिला जातो. अडचणींचा उगम बहुधा येथेच होतो.

अधिकार सोपवणाऱ्या ईमेलमध्ये मर्यादा लिहिण्याची दक्षता बहुतेक जण घेतात. मात्र मर्यादेपाशी पोचल्यावर सहकाऱ्याने कोणाकडे जावे, किती वेळ थांबावे आणि उत्तर आले नाही तर काय करावे, हे सहसा लिहिले जात नाही. प्रत्येक मर्यादेला एक दार हवे. दार नसेल तर काम तरी अडते, किंवा मर्यादा तरी मोडते. हे सूत्र एका कल्पित पण नेहमीच्या प्रसंगातून पाहू.

प्रसंग

दुबईतील एका बांधकाम कंपनीतील मराठी खरेदी व्यवस्थापक गणेशोत्सवासाठी ७ ते २५ सप्टेंबर पुण्यात असणार आहेत. एका खरेदी आदेशावर २,००,००० दिरहॅमपर्यंत मंजुरी देण्याचा त्यांना अधिकार आहे. त्यापुढील रकमा वाणिज्य प्रमुखांकडे जातात. विभागातील वरिष्ठ खरेदी अधिकाऱ्याकडे ते काम सोपवू इच्छितात.

आधी पाहावयाच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे, हा अधिकार पुढे देण्याचा अधिकार आपल्याला आहे का? बहुतेक मोठ्या कंपन्यांत कोणत्या पदाला किती रकमेची मंजुरी देता येते याचा तक्ता असतो, आणि ती मंजुरी दुसऱ्याकडे सोपवता येते की नाही हेही तेथे नमूद असते. ज्याला अधिकार सोपवला आहे त्याने तो आपल्या मर्जीने तिसऱ्याला देऊ नये, हे तत्त्व जुने आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १९० मध्येही ते आढळते. तक्ता परवानगी देत नसेल, तर ईमेल व्यवस्थापकाने नव्हे, वाणिज्य प्रमुखांनी पाठवावे. आणि स्वतःला नसलेला अधिकार कोणालाच देता येत नाही. येथे २,००,००० दिरहॅम ही वरची हद्द आहे, ती ईमेलने वाढत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, ईमेलने न सरकणारे अधिकार वेगळे काढावेत. बँकेत नोंदवलेली धनादेशावरील सही, शासकीय खात्यांकडे नोंदलेली अधिकृत सही आणि मुखत्यारपत्राने मिळालेले अधिकार हे त्या-त्या ठिकाणच्या नोंदीवर अवलंबून असतात. कार्यालयातील ईमेल कितीही स्पष्ट असले तरी बँक ते मानणार नाही. अशी कामे रजेपूर्वी उरकावीत किंवा दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीकडे द्यावीत.

ईमेलचा नमुना

प्रत्यक्ष ईमेल कार्यालयाच्या भाषेत, बहुधा इंग्रजीत जाईल. आशय मात्र असा असावा :

> विषय : ७ ते २५ सप्टेंबर – खरेदी मंजुरीचा अधिकार आणि त्याच्या मर्यादा
>
> सोमवार ७ सप्टेंबर सकाळी ८ पासून शुक्रवार २५ सप्टेंबर सायंकाळी ६ पर्यंत (दुबईची वेळ) माझ्या वतीने खरेदी आदेश मंजूर करण्याचा अधिकार मी आपल्याकडे सोपवीत आहे. वाणिज्य प्रमुखांची यास संमती आहे. ही मुदत आपोआप संपेल. वाढवायची झाल्यास ती केवळ वाणिज्य प्रमुख वाढवतील.
>
> आपण मंजूर करू शकता : नोंदणीकृत पुरवठादारांकडील, चालू प्रकल्पांच्या अंदाजपत्रकातील खरेदी. एका आदेशास व्हॅटसह ५०,००० दिरहॅमपर्यंत. संपूर्ण काळात एकूण ४,००,००० दिरहॅमपर्यंत. एकाच गरजेसाठी सात दिवसांत काढलेले आदेश एकच आदेश समजावेत.
>
> आपण मंजूर करू नये : नवीन पुरवठादाराची नोंदणी, पुरवठादाराच्या बँक खात्यातील बदल, कराराच्या अटींतील बदल, आणि आपण स्वतः केलेली मागणी.
>
> मर्यादेबाहेरील बाब आल्यास : वाणिज्य प्रमुखांना ईमेल करावे. कामकाजाच्या चार तासांत उत्तर न आल्यास त्यांना दूरध्वनी करावा. तेही न मिळाल्यास वित्त प्रमुखांकडे जावे. तोवर खरेदी थांबवावी.
>
> अपवाद : कामगारांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल आणि दोन्ही प्रमुख दूरध्वनीवर एका तासात मिळाले नाहीत, तर आपण ७५,००० दिरहॅमपर्यंत केवळ भाड्याची यंत्रसामग्री मागवू शकता. त्याच दिवशी दोघांनाही लेखी कळवावे.
>
> या काळात मी ईमेल वा व्हॉट्सअॅपवरून कोणतीही मर्यादा बदलणार नाही. माझ्या नावाने तशी सूचना आल्यास ती पाळू नये. वाणिज्य प्रमुखांना त्यांच्या नेहमीच्या क्रमांकावर दूरध्वनी करावा.
>
> प्रत : वाणिज्य प्रमुख, वित्त प्रमुख, लेखा विभाग

सहकाऱ्याने ‘मर्यादा वाचल्या, स्वीकारल्या’ असे लेखी उत्तर द्यावे. हे उत्तर येईपर्यंत अधिकार सोपवला गेला असे समजू नये.

कसोटीचा दिवस

रजेच्या दुसऱ्या आठवड्यात परांचीच्या साहित्याची मागणी येते. किंमत ४८,००० दिरहॅम. अमिरातीत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे; तो धरला की रक्कम ५०,४०० होते. ईमेलमध्ये ‘व्हॅटसह’ हा एक शब्द नसता, तर सहकाऱ्याने प्रामाणिकपणे मंजुरी दिली असती आणि लेखा विभागाने तितक्याच प्रामाणिकपणे ती नाकारली असती. मर्यादेची रक्कम लिहिताना तीत कर आणि वाहतूक धरली आहे की नाही, हे लिहिणे म्हणूनच आवश्यक असते.

४०० दिरहॅमसाठी वर कशाला जायचे, २४,००० चे दोन आदेश काढू, असे प्रकल्पावरील अभियंता सुचवतो. त्यात त्याचा वाईट हेतू नाही, त्याला केवळ साहित्य हवे आहे. पण सात दिवसांच्या अटीमुळे दोन्ही आदेश एकच ठरतात. सहकारी वाणिज्य प्रमुखांना चार ओळींचे ईमेल लिहितो : रक्कम किती, गरज काय, निर्णय केव्हापर्यंत हवा आणि त्याची स्वतःची शिफारस काय. ही शेवटची ओळ महत्त्वाची. शिफारस असेल तर वरिष्ठांना केवळ होकार वा नकार द्यायचा असतो. ती नसेल तर सारा विषय नव्याने समजून घ्यावा लागतो आणि उत्तर लांबते. ईमेल सकाळी ९ ला गेले, दुपारी १ पर्यंत उत्तर आले नाही, सहकाऱ्याने दूरध्वनी केला आणि मंजुरी मिळाली. मंजुरी तोंडी मिळाली, तर सहकाऱ्याने तीच गोष्ट ईमेलने लिहून पाठवावी, म्हणजे नोंद राहते.

या साऱ्यात पुण्याला एकही संदेश गेला नाही. दुबई आणि भारत यांच्या वेळांत दीडच तासाचे अंतर असल्याने व्यवस्थापकाला विचारणे सहज शक्य होते. पण रजेवरील व्यक्तीने एकदा जरी उत्तर दिले, तरी अधिकाराची दोन केंद्रे तयार होतात. पुरवठादारही मग सोयीचे उत्तर देणाऱ्या केंद्राकडे वळतो.

संगणकप्रणाली आणि स्वयंचलित उत्तर

ईमेल आणि मंजुरीची संगणकप्रणाली यांत एकच तारीख, एकच रक्कम हवी. ओरॅकलच्या प्रणालीत यासाठी `Vacation Rules` नावाची सोय आहे. इतर प्रणालींत तिची नावे वेगळी असतात. काही प्रणालींत अशी सोय मंजुरीची सारी कामे सरसकट दुसऱ्याकडे वळवते, रकमेचा भेद करत नाही. तसे असल्यास १,८०,००० दिरहॅमची मागणीही सहकाऱ्याच्या पडद्यावर येईल आणि मंजुरीची कळ दाबता येईल. ती दाबायची नाही, हे केवळ ईमेलमधील मर्यादेवरून ठरेल. आपला पासवर्ड देणे हा या अडचणीवरील उपाय नव्हे. त्यामुळे सहकाऱ्याच्या निर्णयावर व्यवस्थापकाचे नाव चढते आणि पुढे कोणी काय मंजूर केले हे सिद्ध करता येत नाही.

आउटलुकमध्ये स्वयंचलित उत्तर कंपनीतील लोकांसाठी आणि बाहेरच्यांसाठी वेगळे लिहिता येते. बाहेरच्या उत्तरात संपर्काचे नाव पुरे. तेथे रकमेची मर्यादा आणि वरिष्ठांची क्रमवारी लिहिली, तर व्यवस्थापक नेमका कधी नाही, त्याच्या नावाने कोणाला फसवावे आणि किती रक्कम मागितली तर संशय येणार नाही, हे सारे फसवणूक करणाऱ्याला आयते मिळते. नमुन्यातील शेवटची सूचना याच धोक्यासाठी आहे.

मात्र अंतर्गत मर्यादा पुरवठादाराला बांधतेच असे नाही. इंग्लंडच्या कायद्यात कंपनीने एखाद्याला अधिकारी म्हणून पुढे केले असेल, तर आतील मर्यादा ठाऊक नसलेल्या व्यक्तीशी त्याने केलेला व्यवहार कंपनीवर बंधनकारक ठरू शकतो. म्हणून प्रमुख पुरवठादारांना एवढे कळवून ठेवावे, की वैध क्रमांकाचा खरेदी आदेश मिळाल्याखेरीज माल पाठवू नये.

परतल्यावर

मुदत संपली की प्रणालीतील नोंद बंद झाल्याची खात्री करावी आणि सहकाऱ्याकडून मंजूर आदेशांची, वर पाठवलेल्या बाबींची व प्रलंबित कामांची यादी घ्यावी. ती वाचताना दोन खुणा पाहाव्यात. अनेक आदेश ४९,००० च्या आसपास असतील, तर मागण्या तोडून आणल्या गेल्या असण्याची शक्यता आहे. एकाच पुरवठादाराचे लागोपाठचे आदेश शेजारी ठेवून पाहावेत. याउलट, किरकोळ बाबीही वर गेल्या असतील तर मर्यादा फार आखूड होती किंवा तिची भाषा संदिग्ध होती. पुढच्या रजेच्या ईमेलमध्ये कोणता आकडा आणि कोणता शब्द बदलायचा, हे या यादीवरून ठरवावे.