‘म्हणाला’च्या शेजारची क्रियापदे

एका पानावर ‘म्हणाला’ सहा वेळा आले की नव्या लेखकाचा हात थबकतो. तो बदली शब्द शोधू लागतो, आणि बोलण्याच्या क्रियापदांचा अभ्यास बहुतेक जण इथूनच सुरू करतात. पण तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त ‘म्हणीतले’ पानोपानी येते आणि कुठेही खुपत नाही. वाचकाचे कान बोलण्याकडे लागलेले असतात. तेव्हा कंटाळा आला म्हणून क्रियापद बदलू नये. बोललेल्या शब्दांतून आवाज कळत नसेल, तरच बदलावे.

मराठीत एक सोय आहे, तिच्याकडे मी वाचकाचे खास लक्ष वेधतो. म्हणाली, पुटपुटली, कुजबुजली, खेकसली, फणकारली ही रूपे बोलणाऱ्याचे लिंग स्वतःच सांगतात. बाई आणि पुरुष बोलत असतील तर नाव गाळले तरी चालते. विचारलं, सांगितलं, बजावलं, दटावलं यांचे तसे नाही. तिथे ‘आईने’, ‘त्याने’ लिहावेच लागते. संवाद भरधाव असताना ही ‘ने’वाली क्रियापदे वेग ओढून धरतात, संथ, जड प्रसंगात तेच ओढून धरणे उपयोगी पडते.

एक प्रसंग घेऊ. रात्रीची वेळ, वडील आतल्या खोलीत झोपलेले, आई आणि मुलगा स्वयंपाकघरात. पहिला खर्डा असा:

“पैसे कुठून आणलेस?” आईने विचारलं.
“मित्राकडून,” त्याने सांगितलं.
“कुठल्या?” आईने दरडावलं.
“आहे एक,” त्याने उत्तर दिलं.

प्रश्नचिन्ह असताना ‘विचारलं’ काहीच नवे सांगत नाही. ‘दरडावलं’ तर चुकीचेच आहे, कारण त्या आवाजाने वडील जागे होतील. वाचकाला कळायला हवी ती आवाजाची पट्टी:

“पैसे कुठून आणलेस?” आई कुजबुजली.
“मित्राकडून.”
“कुठल्या?”
“आहे एक,” तो पुटपुटला.

कुजबुजणारा माणूस आवाज मुद्दाम खाली आणतो, पण समोरच्याला नीट ऐकू जावे अशीच त्याची इच्छा असते. पुटपुटणाऱ्याला ऐकू न गेले तरी चालते, कधी तेच हवे असते. मुलगा काहीतरी लपवतोय हे त्या एका क्रियापदाने कळते. मधल्या दोन ओळी मोकळ्या सोडल्याने प्रश्नोत्तरे झटपट होतात. माणसे दोनच असल्यामुळे हे जमले. तिसरे आले की नावे परत आणावी लागतात.

‘उद्गारला’, ‘उत्तरला’, ‘वदला’ यांना जुन्या पुस्तकांचा वास आहे. वऱ्हाडी बोलणाऱ्या पात्राच्या तोंडच्या वाक्यामागे ‘वदला’ आले की दोन भाषा एकमेकींवर आदळतात. ‘हसली’, ‘वळला’ ही तर बोलण्याची क्रियापदेच नव्हेत. त्यांना पूर्णविरामानंतर स्वतंत्र वाक्य द्यावे.

“चालता हो!” यापुढे ‘तो खेकसला’ लिहिणे म्हणजे तेच दोनदा सांगणे. “बस ना,” तो खेकसला, इथे मात्र शब्द एक सांगतात आणि आवाज दुसरेच.