चौकटीने छेदलेल्या उष्णतारोधक भिंतीचे औष्णिक जाळे

उष्णतारोधक थरातून लाकडाच्या किंवा धातूच्या उभ्या-आडव्या पट्ट्या आरपार जात असतील, तर त्या भिंतीचा परिणामी औष्णिक रोध आणि तिच्यातून वाहणारी एकूण उष्णता काढण्याची ही पद्धत आहे. भिंतीचा प्रत्येक थर विद्युत मंडलातल्या रोधासारखा मानतात. एकामागून एक येणारे थर एकसर जोडणीत धरतात. ग्लासवूल आणि पट्टी मात्र शेजारी शेजारी असतात, म्हणून ती समांतर जोडणीत येतात. तापमानातला फरक विभवांतराची जागा घेतो आणि उष्णतेचा प्रवाह विद्युतधारेची.

मुंबईच्या उपनगरांत अशी भिंत नेहमी भेटते. अंधेरीच्या मरोळ एमआयडीसीत, साकीनाक्याला किंवा मुलुंड-घाटकोपरच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर जुन्या औद्योगिक गाळ्यांची कार्यालये झाली आहेत. तिथल्या नऊ इंची विटांच्या भिंतीला आतून लाकडी चौकट मारतात, चौकटीच्या खणांत ग्लासवूल किंवा थर्माकोल भरतात आणि वर जिप्सम बोर्ड किंवा प्लायवूड बसवतात. ओशिवऱ्याकडच्या डबिंग स्टुडिओंत हीच रचना आवाज अडवण्यासाठी केलेली असते. वातानुकूलनाचा हिशेब करताना बहुतेक वेळा फक्त ग्लासवूलची जाडी पाहतात आणि पट्ट्या विसरतात. या नोंदीत त्या पट्ट्यांचा हिशेब मांडला आहे.

एका चौरस मीटरसाठी थराचा रोध R = L / k. इथे L ही मीटरमधली जाडी आणि k ही पदार्थाची उष्णतावाहकता. उदाहरणासाठी बाहेरून आत येऊ. भिंतीला चिकटलेल्या बाहेरच्या हवेचा रोध ०.०४ धरू. दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा मिलिमीटरचे सिमेंट प्लास्टर मिळून ०.०४ आणि २३० मिलिमीटर वीटकाम (k = ०.८) ०.२९ देते. साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाचे ०.०८ आणि खोलीतल्या हवेच्या थराचे ०.१३. उष्णता कोणत्याही वाटेने गेली तरी हे सगळे थर तिला ओलांडावेच लागतात. त्यांची बेरीज ०.५८ येते. चौकटीचा थर ५० मिलिमीटर जाडीचा आहे. त्यातल्या ग्लासवूलचा (k = ०.०४) रोध १.२५ आणि लाकडाचा (k = ०.१५) ०.३३. म्हणजे एकाच थरात शेजारी असलेल्या दोन वाटांच्या रोधांत जवळजवळ चौपट फरक आहे.

आता लाकडाने किती क्षेत्र व्यापले ते ठरवावे लागते, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. आपल्याकडची सुताराची चौकट साधारणपणे दोन फुटी असते: ६०० मिलिमीटरवर उभ्या पट्ट्या आणि तेवढ्याच अंतरावर आडव्या. नकाशात उभ्या पट्ट्या ठळक दिसतात म्हणून ५० भागिले ६०० करून ८ टक्के लाकूड धरतात. आडव्या पट्ट्या मोजल्या की प्रत्येक खणाची बाजू ५५० मिलिमीटर उरते आणि रिकाम्या भागाचे प्रमाण (५५० / ६००)² = ०.८४ होते. म्हणजे लाकूड १६ टक्के, गृहीत धरलेल्याच्या दुप्पट. दारा-खिडक्यांभोवतीच्या जोडपट्ट्या आणि एसीसाठी लावलेले आधार यांची त्यात आणखी भर पडते.

यापुढे जाळे जोडण्याच्या दोन रीती आहेत, आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. पहिल्या रीतीत उष्णता सरळ रेषेत आत येते, डावी-उजवीकडे मुळीच सरकत नाही, असे मानतात. मग बाहेरच्या हवेपासून खोलीपर्यंत दोन स्वतंत्र वाटा होतात. ग्लासवूलच्या वाटेचा रोध १.८३, लाकडाच्या वाटेचा ०.९१. प्रत्येक वाट आधी एकसर जोडून शेवटी समांतर जोडायची:

U = ०.८४ / १.८३ + ०.१६ / ०.९१ = ०.६३

याचा व्यस्त म्हणजे परिणामी रोध, सुमारे १.५८.

दुसऱ्या रीतीत उलट मानतात. प्रत्येक थराच्या दोन्ही पृष्ठभागांवर तापमान सगळीकडे सारखे असते, म्हणजे उष्णता आडवी हवी तशी पसरू शकते. त्यामुळे फक्त चौकटीचा थर आधी समांतर जोडायचा:

१ / R = ०.८४ / १.२५ + ०.१६ / ०.३३, म्हणून R = ०.८७

मग ही संख्या बाकीच्या ०.५८ मध्ये एकसर मिळवायची. एकूण रोध १.४५ येतो. आडव्या सरकण्यावर बंधन असेल तर रोध वाढतो आणि ते बंधन काढले तर कमी होतो, म्हणून पहिले उत्तर वरची मर्यादा आणि दुसरे खालची. खऱ्या भिंतीत विटा आणि बोर्ड थोडी उष्णता आडवी नेतात, त्यामुळे खरे मूल्य या दोघांच्या मध्ये पडते. आयएसओ ६९४६ या आंतरराष्ट्रीय मानकात दोन्हींची सरासरी घेतात. इथे ती १.५१ आहे.

हा आकडा प्रवाहात बदलू. गाळ्याची बाहेरची भिंत ५ मीटर लांब आणि ३ मीटर उंच, म्हणजे १५ चौरस मीटर. बाहेर ३५ अंश सेल्सिअस, आत २४. Q = A × ΔT / R या सूत्राने सुमारे १०९ वॉट उष्णता आत येते. पट्ट्या विसरल्या असत्या तर १.८३ हा रोध धरून ९० वॉट मिळाले असते. फक्त उभ्या पट्ट्या मोजल्या तर सुमारे १००. आतून अस्तर नसलेल्या नुसत्या भिंतीतून ३३० वॉट येतात, तेव्हा अस्तराचा फायदा मोठाच आहे. पण सोळा टक्के लाकडाने ग्लासवूलच्या भिंतीतला प्रवाह पाचव्या हिश्शाने वाढवला.

पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडते तेव्हा ३५ अंशांवर थांबून चालत नाही. भिंतीवर ६०० वॉट प्रति चौरस मीटर ऊन असेल आणि रंग त्यातले ६० टक्के शोषत असेल, तर बाहेरचे परिणामी तापमान ०.६ × ६०० × ०.०४, म्हणजे १४ अंशांनी चढते. मग उष्णता सुमारे २५० वॉटवर जाते. जाळे तेच राहते, फक्त टोकाचे तापमान बदलते. हा हिशेब स्थिर अवस्थेचा आहे हे मात्र लक्षात ठेवावे लागते. नऊ इंची वीट उष्णता साठवून काही तासांनी सोडते, त्यामुळे दुपारचा कमाल भार प्रत्यक्षात कमी असतो आणि उशिरा, संध्याकाळकडे येतो. रोधांच्या जाळ्यात हा विलंब दिसत नाही. तो पाहायचा तर प्रत्येक थराला धारितेचीही जोड द्यावी लागते.

लाकडाऐवजी जीआय स्टड आला की पद्धतीची खरी मर्यादा उघडी पडते. अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास पत्र्याचा स्टड ६०० मिलिमीटरवर एक. लाकडी चौकटीसारख्या आडव्या पट्ट्या त्यात नसतात, फक्त वर-खाली रनर. पत्र्याची जाडी ०.५५ मिलिमीटर धरली तर त्याने व्यापलेले क्षेत्र हजारात एक भागही नाही, पण पोलादाची वाहकता ग्लासवूलच्या हजारपटीहून अधिक आहे. पहिल्या रीतीने रोध १.८३ येतो, जणू स्टड नाहीच. दुसरीने तो १.१६ वर उतरतो. प्रवाह अनुक्रमे ९० आणि १४२ वॉट. दोन मर्यादांचे गुणोत्तर दीडच्या पुढे गेले, आणि अशा वेळी सरासरीचा उपयोग नाही. आयएसओ ६९४६ सुद्धा धातूने छेदलेल्या उष्णतारोधक थरासाठी ही सोपी रीत वापरू देत नाही.

याचे कारण स्टडच्या आकारात आहे. बोर्डाला टेकणारी त्याची रुंद पट्टी आजूबाजूची उष्णता गोळा करून पातळ उभ्या पत्र्यातून पलीकडे नेते. म्हणून अमेरिकेच्या ॲशरे या संस्थेच्या विभाग-पद्धतीत स्टडभोवती W = m + 2d एवढा पट्टा वेगळा काढतात. m म्हणजे टेकणाऱ्या पट्टीची रुंदी आणि d म्हणजे पृष्ठभागापासून धातूपर्यंतचे अंतर, जे किमान १३ मिलिमीटर धरायचे. त्या पट्ट्यात थरनिहाय समांतर आणि मग एकसर जोडणी करून तो उरलेल्या भागाशी समांतर जोडतात. माझ्या मते मुंबईच्या कामांत स्टडची भिंत असेल तर निदान ही रीत वापरावी. पहिल्या रीतीचा आकडा कंत्राटदाराच्या माहितीपत्रकात छान दिसतो, पण भिंत त्याप्रमाणे वागत नाही.

पट्ट्यांचा परिणाम कमी करायचा तर सगळीकडे जाडी वाढवणे हा पहिला विचार सुचतो. चौकट आणि ग्लासवूल दोन्ही ७५ मिलिमीटर केली तर सरासरी रोध १.९६ होतो आणि प्रवाह ८४ वॉट. तेच २५ मिलिमीटर थर्माकोल (k = ०.०४) चौकटीमागे, विटेला लागून, अखंड पसरले तर रोध २.१६ आणि प्रवाह ७६ वॉट. अखंड थर लाकडाच्या वाटेतही एकसर येतो, हा सगळा फायदा त्याचा. दोन मर्यादांचे गुणोत्तरही त्यामुळे किंचित कमी होते.

काम झाल्यावर हे ओळखायचे कसे? हाताने कळत नाही. ११ अंशांच्या फरकावर खोलीकडची लाकडावरची रेषा सुमारे २५.६ अंशांवर असते आणि खणाचा मध्य २४.८ वर. अवरक्त कॅमेऱ्यात मात्र संध्याकाळी, भिंत बाहेरून तापलेली असताना, चौकटीची पूर्ण जाळी उमटते. खणाचा एखादा कोपराही तेवढाच गरम दिसला तर ग्लासवूल तिथे आखूड कापलेले आहे किंवा खाली सरकले आहे. हिशेबातला १.२५ हा रोध खण काठोकाठ भरलेला असेल तरच खरा असतो.

पावसाळ्यात याच जाळ्याचा दुसरा उपयोग होतो. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू सुमारे २६ अंश. सर्व्हरची खोली १८ अंशांवर ठेवली आहे असे धरू. पहिल्या रीतीने ग्लासवूलच्या मागे विटेचे तापमान २७.६ येते, पण लाकडी पट्टीच्या मागे २५.१, दवबिंदूच्या खाली. थंड देशांत बाष्परोधक पडदा खोलीच्या बाजूला लावतात. आपल्याकडे बाष्प बाहेरून आत येते, म्हणून तो विटेच्या बाजूला हवा. आणि तिथेही पट्ट्यांच्या मागच्या रेषा सर्वांत आधी ओल्या होतात, म्हणून अशा खोलीत पडदा आणि चौकट यांच्यामध्ये अखंड उष्णतारोधक थर घालावा लागतो.