लॉक केलेली शीट : शाखांकडून रोकड माहिती घेण्याचा नमुना

मुख्य कार्यालयाने तयार करून शाखांना पाठवलेली, ठरावीक रंगीत सेलमध्येच लिहिता येईल अशी एक्सेलची शीट. बाकी सर्व सेल, म्हणजे मथळे, सूत्रे, बेरजा आणि रकान्यांची रुंदी, बंद असतात. सहकारी बँका, पतसंस्था, विमा कार्यालये, दुकानांच्या साखळ्या, जिथे जिथे एकच तक्ता पंधरा-वीस ठिकाणांहून रोज भरून यायचा असतो, तिथे अशी शीट आढळते. बोलताना तिला नुसते ‘फॉर्मॅट’ म्हणतात. ‘फॉर्मॅट बदलू नका’ ही सूचना मेलमधून कितीही वेळा दिली तरी कोणी तरी एक रकाना वाढवतोच, म्हणून ही व्यवस्था. या नोंदीत उदाहरण घेतले आहे ते पतसंस्थेच्या शाखेच्या दैनिक रोकड पत्रकाचे.

नमुन्याची मांडणी. पत्रकात बारा पिवळे सेल आहेत. B3 मध्ये शाखा क्रमांक, B4 मध्ये तारीख, B5 ते B7 मध्ये आरंभीची शिल्लक, दिवसाची जमा आणि दिवसाचा नावे. C8 मध्ये अखेरची शिल्लक सूत्राने येते. खाली A10 ते A15 मध्ये ५००, २००, १००, ५०, २० आणि १० हे नोटांचे दर छापलेले, त्यांच्या शेजारी B10 ते B15 मध्ये नग, आणि B16 मध्ये नाण्यांची एकूण रक्कम. C रकान्यात दर गुणिले नग, C16 मध्ये नाणी, C17 मध्ये बेरीज.

एका दिवसाचे आकडे घेऊ. आरंभीची शिल्लक ४,८२,३५०, जमा ६,१७,८००, नावे ५,४३,२००. म्हणजे वहीप्रमाणे अखेर ५,५६,९५०. रोखपालाने मोजलेले नग असे : पाचशेच्या ८४२, दोनशेच्या ३१५, शंभराच्या ५६८, पन्नासाच्या २१२, विसाच्या १४५, दहाच्या २०३ आणि नाणी ६२० रुपये. बेरीज ५,५६,९५०. दोन्ही बाजू जुळल्या. हे जुळले की नाही ते सांगणारा सेल वरच, C2 मध्ये ठेवतात :

```
=IF(COUNT(B5:B7,B10:B16)<10,"अपूर्ण",
 IF(C17=C8,"जुळले","फरक "&(C17-C8)))
```

यात COUNT कशासाठी, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो फक्त आकडे असलेले सेल मोजतो. रिकामा सेल आणि ‘नोटा नाहीत’ हे दोन्ही दिसायला सारखे असले तरी अर्थ वेगळा आहे, म्हणून नग नसेल तिथे शून्य लिहिणे या नमुन्यात सक्तीचे होते. कोणी ‘१२ नग’ असे शब्दासह लिहिले तर तो मजकूर ठरतो. गुणाकाराच्या सेलमध्ये #VALUE! उमटते, आणि COUNT नऊच भरल्यामुळे C2 मध्ये ‘अपूर्ण’ दिसते.

कुलूप कसे लागते. नवशिक्याचा पहिला गोंधळ इथे होतो. कोऱ्या शीटमधला प्रत्येक सेल मुळातच लॉक असतो, पण शीट संरक्षित करेपर्यंत त्या लॉकला काहीच अर्थ नसतो. त्यामुळे काम उलट्या बाजूने करावे लागते. कोणते सेल बंद करायचे हे ठरवायचे नसते, कोणते उघडे ठेवायचे ते ठरवायचे असते. बारा पिवळे सेल निवडून Ctrl+1 दाबायचे, Protection या भागात जाऊन Locked ची खूण काढायची, मग Review मधून Protect Sheet. सूत्र दिसूच नये असे वाटत असेल तर त्या सेलला शेजारची Hidden खूण करता येते, पण रोकड पत्रकात सूत्र झाकण्यासारखे काही नाही. उलट शाखेला ते दिसलेले बरे.

Protect Sheet दाबल्यावर येणाऱ्या यादीत Select locked cells आणि Select unlocked cells या दोन खुणा आधीच केलेल्या असतात. पहिली काढून टाकली की बंद सेलवर कर्सर जातच नाही, आणि रोखपालाला शीट म्हणजे बारा खिडक्यांचा एक अर्ज वाटतो. त्याच यादीतली Format columns ही खूण मात्र विचारपूर्वक ठरवावी. ती दिली नाही आणि रकाना अरुंद राहिला, तर मोठी रक्कम ##### अशी दिसते आणि शाखेला रुंदी वाढवता येत नाही. सर्वांत मोठ्या शाखेची सर्वांत मोठी रक्कम टाकून रुंदी आधीच तपासणे हा त्यावरचा साधा उपाय.

शीटचे नाव बदलणे, नवी शीट घालणे हे Protect Sheet अडवत नाही. त्यासाठी Protect Workbook मधली Structure ही खूण वेगळी लागते. हे विसरले जाते, आणि ‘रोकड’ नावाच्या शीटचे ‘रोकड सोमवार’ झाले की मुख्य कार्यालयाची एकत्रीकरणाची फाइल ती शोधत बसते.

नमुना पाठवण्यापूर्वी कोणता सेल उघडा राहिला, कोणता चुकून बंद झाला, हे डोळ्यांनी तपासण्यावर विसंबू नये. Conditional Formatting मध्ये पुढील सूत्र देऊन त्याला एखादा भडक रंग लावला की उघडे सेल आपोआप रंगतात :

```
=CELL("protect",A1)=0
```

हाताने दिलेला पिवळा रंग आणि सूत्राने दिलेला रंग एकमेकांवर पडले पाहिजेत. न पडलेली जागा म्हणजे चूक.

उघड्या सेलमधून होणारी मोडतोड. बंद सेलचे सूत्र कोणी पुसू शकत नाही, म्हणून नमुना अभंग आहे असे करणारा समजतो. प्रत्यक्षात अशा शीटा मोडतात त्या उघड्या सेलच्या वाटेनेच, आणि तेही पूर्ण भल्या हेतूने.

समजा रोखपालाने पाचशेचे ८४२ नग चुकून दोनशेच्या ओळीत, B11 मध्ये लिहिले. चूक कळल्यावर पुसून पुन्हा लिहिण्याऐवजी त्याने तो सेल Ctrl+X करून B10 वर Ctrl+V केला, किंवा माउसने ओढून वर नेला. दोन्ही सेल उघडे आहेत, त्यामुळे एक्सेल अडवत नाही. पण कट-पेस्टमध्ये फक्त आकडा हलत नाही, सेलच हलतो, आणि त्याच्याकडे बघणारी सूत्रेही त्याच्यामागे जातात. C11 मधले A11*B11 आता A11*B10 होते आणि दोनशेच्या ओळीत १,६८,४०० दाखवते. ज्या B10 वर नवा सेल येऊन बसला त्याच्याकडे बघणारे C10 चे सूत्र अनाथ होते : #REF!. मग C17 मध्ये #REF!, आणि B11 रिकामा झाल्यामुळे C2 मध्ये ‘अपूर्ण’. लॉक असलेले सूत्र लॉक असतानाच बदलले. शिवाय B11 चा पिवळा रंग गेलेला असतो आणि तो सेल आता बंद झालेला असतो, कारण उघडेपणाही सेलबरोबर वर गेला. शाखेतून फोन येतो तो ‘दोनशेच्या रकान्यात काही लिहिताच येत नाही’ असा. पांढरी पडलेली चौकट ही या अपघाताची खूण. त्या क्षणी Ctrl+Z केले तर सगळे परत जागेवर येते. फाइल बंद केल्यावर मात्र कोरा नमुना पुन्हा पाठवण्यावाचून गत्यंतर नाही.

यावर ‘कट करू नका’ ही सूचना द्यावीच, पण सूत्रही असे लिहिता येते की ते सेलच्या मागे धावणार नाही. C10 मध्ये थेट B10 न लिहिता पूर्ण रकान्यातून आपल्या ओळीचा सेल उचलायचा :

```
=A10*INDEX($B:$B,ROW())
```

एखादा सेल हलला तरी $B:$B हा रकाना जागेवरच राहतो, म्हणून सूत्र टिकते. रंग आणि उघडेपणा जायचा तो जातोच, तेवढे हे सूत्र वाचवत नाही.

साध्या कॉपी-पेस्टचा त्रास वेगळा. दुसऱ्या फाइलमधल्या नेहमीच्या सेलवरून कॉपी करून पिवळ्या सेलवर चिकटवले, तर आकड्याबरोबर त्या सेलचे स्वरूपही येते, आणि त्या स्वरूपात Locked ही खूणही असते. आकडा बसतो आणि सेल त्याच क्षणी बंद होतो. दुसऱ्या दिवशी तिथे लिहिता येत नाही. Data Validation ने ‘शून्य किंवा त्याहून मोठा पूर्णांक’ अशी अट घातली असेल तर तीही अशा पेस्टने पुसली जाते, कारण ती अट टंकलेल्या आकड्याला अडवते, चिकटवलेल्याला नाही. म्हणून चिकटवायचेच असेल तर Paste Special मधील Values वापरायला सांगतात. रोकड पत्रकाचे आकडे खरे तर मोजून हाताने टंकायचे. कॉपी करण्याजोगे काही असेल तर ते कालचे पत्रक, आणि कालचे नग आज चिकटवलेले कोणत्याच मुख्य कार्यालयाला नको असतात.

मांडणी बदलण्याची वेळ. बंद नमुन्याचा खरा कस लागतो तो चलन बदलते तेव्हा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये दोनशेची नोट आली. ज्या नमुन्यात तिची ओळ नाही आणि शाखेला ओळ घालण्याची मुभा नाही, तिथे रोखपालापुढे एकच मार्ग उरतो : दोनशेची एक नोट शंभराच्या दोन म्हणून लिहायची. बेरीज जुळते, C2 मध्ये ‘जुळले’ येते, आणि तिजोरीत कोणत्या नोटा किती हे पत्रक मात्र खोटे सांगते. कुलूप जितके कडक तितकी ही पळवाट ठरलेली. त्यामुळे दहाच्या ओळीखाली ‘इतर’ म्हणून दर आणि नग दोन्ही उघडे असलेली एक ओळ आधीच ठेवणे शहाणपणाचे. वरच्या नमुन्यात ती नाही, हा त्याचा दोषच आहे.

मुख्य कार्यालयाने स्वतः ओळ घातली तरी काम संपत नाही. नोटांच्या ओळींमध्ये एक वाढली की बेरीज C17 वरून C18 वर जाते. एकत्रीकरणाची फाइल त्या वेळी बंद असेल तर तिच्यातली जोडणी जुन्याच पत्त्यावर, C17 वर राहते, आणि तिथे आता नाण्यांची रक्कम आहे. ५,५६,९५० च्या जागी ६२० दिसते. एवढा फरक निदान डोळ्यांत भरतो. वीस शाखांच्या एकूण बेरजेत एकाच शाखेने नवा नमुना वापरला असेल तर तो लवकर सापडत नाही. म्हणून वर जाणारे आकडे शीटच्या माथ्यावर, ओळी घातल्याने न हलणाऱ्या जागी ठेवतात, आणि शेजारच्या बंद सेलमध्ये नमुन्याचा क्रमांक लिहितात. एकत्रीकरणात आधी तो क्रमांक ताडून पाहता येतो.

ओळ काढण्याचेही असेच. दोन हजारांची नोट चलनातून मागे घेण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ रोजी केली, पण नोट कायदेशीर चलन म्हणून कायम राहिली. अशा वेळी ती ओळ पुसून न टाकता नगाचा सेल शून्य लिहून बंद करणे बरे. पत्ते हलत नाहीत, आणि जुनी पत्रके नव्यांशेजारी ठेवून वाचता येतात.

पासवर्डची मर्यादा. शीटचा पासवर्ड हा गुप्ततेसाठी नाही. .xlsx ही फाइल म्हणजे आत XML असलेली झिप फाइल असते, आणि त्यात शीटच्या मजकुरात sheetProtection नावाची एक ओळ असते. ती काढून टाकली की पासवर्डाशिवाय शीट उघडी होते. हे जमणारा माणूस प्रत्येक शाखेत नसला तरी एखाद्या शाखेत असतोच. फाइल उघडण्यासाठीचा पासवर्ड ही वेगळी गोष्ट आहे, त्यात मजकूर खरोखर कूटबद्ध होतो. म्हणून कोणाला रक्कम फिरवायची असेल तर हे कुलूप त्याला थांबवणार नाही. पत्रकातली अखेरची शिल्लक संगणकीय खतावणीशी आणि आजची आरंभीची शिल्लक कालच्या अखेरच्या शिलकेशी मुख्य कार्यालयाला स्वतंत्रपणे ताडावीच लागते.