सुएझ बंद होता, तरी व्यापारी हरले. का?

मंडळी, हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केल्यापासून एक वाक्य माझ्या कानावर सारखं पडतंय. "आमच्या करारात फोर्स मेजरचं कलम आहे, आम्ही सुटलो!" न्हावाशेव्याहून युरोपला माल पाठवणारेही म्हणतात, तो मागवणारेही म्हणतात. शिपिंगच्या कागदांत बरीच वर्षं घालवल्यामुळे मला दर वेळी सुदानचा भुईमूग आठवतो. ती गोष्ट सांगतो.

जुलै 1956 मध्ये नासरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. वातावरण तापलेलं असतानाच, 4 ऑक्टोबरला, त्साकिरोग्लू नावाच्या कंपनीने 300 टन सुदानी भुईमूग एका जर्मन खरेदीदाराला विकला. भाव टनाला 50 पौंड, हॅम्बुर्गपर्यंतचं भाडं आणि विमा त्यातच. माल नोव्हेंबर किंवा डिसेंबरात जहाजावर चढवायचा होता. 29 ऑक्टोबरला युद्ध पेटलं आणि 2 नोव्हेंबरला कालवा बंद झाला.

माल पोर्ट सुदानच्या गोदामात तयार होता. पण कालव्यातून हॅम्बुर्ग सुमारे 4,400 मैल, तर आफ्रिकेला वळसा घालून 11,000 च्या वर. भाडंही डिसेंबरच्या मध्यापर्यंत जवळपास दुप्पट झालं. विक्रेत्याने माल पाठवलाच नाही. खरेदीदाराने भरपाई मागितली आणि प्रकरण लंडनला हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं.

आता गंमत बघा. करारात फोर्स मेजरचं कलम होतंच, त्यात 'युद्ध' हा शब्दसुद्धा होता! पण कलम म्हणत होतं की अशा कारणाने 'शिपमेंट' अडली, तर मुदत वाढेल आणि अडचण टिकलीच तर करार रद्द होईल. आणि शिपमेंट म्हणजे काय, तर माल जहाजावर चढवणं. पोर्ट सुदान तांबड्या समुद्रात, कालव्याच्या दक्षिणेला. तिथे माल चढवायला कोणी अडवलं होतं? कोणीच नाही. जहाज दक्षिणेकडून बाहेर पडून केपला वळसा घालू शकत होतं. माल सुएझमार्गेच जाईल असं करारात लिहिलेलं नव्हतं. 1961 मध्ये विक्रेता हरला.

मला या निकालातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. न्यायाधीशांनी मालही पाहिला. लांबच्या प्रवासात भुईमूग खराब होईल असा पुरावा नव्हता आणि हॅम्बुर्गला अमुक तारखेलाच पोचला पाहिजे अशीही अट नव्हती. म्हणजे नाशिकची द्राक्षं असती आणि पोचण्याची तारीख पक्की असती, तर वाद खूपच वेगळा झाला असता. तेव्हाही सुटका नक्की झाली असती असं मी म्हणणार नाही, पण निदान मांडायला मुद्दा होता. स्टीलच्या कॉइलसाठी तोच मुद्दा मांडायला गेलात तर अवघड आहे.

"हे साहेबांच्या कोर्टाचं झालं, आपल्याकडे काय?" आपल्याकडे करारात कलम असेल तर आधी ते कलम बघतात. ते नसेल किंवा ती घटना त्यात बसत नसेल, तर 1872 च्या करार कायद्याचं कलम 56 येतं, म्हणजे काम अशक्यच झालं का हा प्रश्न. 2017 मध्ये 'एनर्जी वॉचडॉग' प्रकरणात इंडोनेशियाचा कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांनी फोर्स मेजर मागितला. सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं, आणि ते सांगताना याच भुईमुगाच्या खटल्याचा आधार घेतला. काम महाग झालं म्हणजे अशक्य झालं असं होत नाही.

आणि लॉकडाऊन? एप्रिल 2020 मध्ये, सगळं बंद असताना, कोरियाहून स्टील मागवणारे आयातदार मुंबई हायकोर्टात गेले. बँकेने लेटर ऑफ क्रेडिटचे पैसे देऊ नयेत, अशी मागणी होती. कोर्टाने अंतरिम दिलासा दिला नाही. माल कोरियातून निघून चुकला होता, विक्रेत्याचं काम संपलं होतं. कलम होतं ते विक्रेत्याच्या बाजूचं, खरेदीदाराला ते वापरताच येत नव्हतं. शिवाय स्टीलचं वितरण अत्यावश्यक सेवेत धरलेलं होतं आणि लॉकडाऊन मर्यादित काळापुरता होता. (पुढे माल विकला जाणार नाही ही भीती खरी असेलही, पण ती जोखीम खरेदीदाराचीच.)

म्हणून कोणी करार घेऊन आलं की मी घटनांची यादी शेवटी वाचतो. युद्ध, संप, पूर, साथ, हे सगळीकडे सारखंच छापलेलं असतं. आधी बघतो, कलम कोणाला लागू आहे, आणि नक्की कोणतं काम 'अडलं' पाहिजे: चढवणं, वाहून नेणं की पोचवणं? 'अडलं' लिहिलंय की 'अडथळा आला किंवा उशीर झाला' एवढंही चालतं? दुसरा शब्द असेल तर दार बरंच उघडं असतं. मग नोटिशीची मुदत बघतो. ती बऱ्याचदा थोड्या दिवसांची असते आणि ती चुकली की खरी आपत्तीही हातची जाऊ शकते.

ज्यांचा माल या हंगामात जाणार आहे, त्यांनी सही करण्याआधी मार्ग आणि जास्तीचं भाडं कोण भरणार, या दोन ओळी करारात घालून घ्या. सुदानच्या विक्रेत्याच्या कागदावर त्या दोन्ही नव्हत्या.