धरण रखडलं तर कागदावरचा फायदा कुठे जातो? पैशाचं कालमूल्य, सूत्रं आणि प्रकल्प निवडायचा नियम

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्याचं मुख्यालय म्हणजे मेढा. वेण्णा नदीच्या काठावरचं गाव. याच नदीवर खाली कण्हेर धरण आहे, आणि मेढा परिसरातली गावं बरीच वर्षं वरच्या बाजूला बोंडारवाडीला धरण व्हावं अशी मागणी करत आली आहेत. तालुक्याच्या दुसऱ्या बाजूला, कुडाळी नदीच्या खोऱ्यात, महू आणि हातगेघर ही धरणं आहेत. त्यांच्या बातम्यांमध्ये 'रखडलेले' हा शब्द इतक्या वेळा आला आहे की तो प्रकल्पाच्या नावाचाच भाग वाटावा.

धरण रखडलं की बातमीत खर्च किती कोटींनी वाढला हे येतं. पण समजा खर्च एक रुपयानेही वाढला नाही, फक्त पाणी दहा वर्षं उशिरा आलं, तर नुकसान किती? हे मोजायचं साधन वाणिज्य शाखेच्या पुस्तकात एका प्रकरणात असतं. नाव आहे, पैशाचं कालमूल्य.

मूळ कल्पना एका ओळीत

आज हातात असलेले १०० रुपये आणि वर्षाने मिळणारे १०० रुपये सारखे नाहीत. आजचे १०० रुपये १० टक्क्यांनी गुंतवले तर वर्षाने ११० होतात, दोन वर्षांनी १२१. उलट बाजूने बघा: दोन वर्षांनी मिळणाऱ्या १२१ रुपयांची आजची किंमत १०० रुपये.

```
FV = PV × (1 + r)^n
PV = FV / (1 + r)^n
```

`PV` म्हणजे आजचं मूल्य, `FV` म्हणजे भविष्यातलं मूल्य, `r` म्हणजे वार्षिक दर आणि `n` म्हणजे वर्षं. या `r` ला वटाव दर म्हणतात. महागाई शून्य असली तरी हा दर शून्य होत नाही, कारण पैसा एका कामात अडकला की दुसऱ्या कामाला मिळत नाही.

धरणाचा फायदा एकदाच मिळत नाही, दरवर्षी मिळतो. दरवर्षी सारखी रक्कम `C` अशी `n` वर्षं मिळणार असेल, तर तीस वेळा भागाकार करत बसायची गरज नाही:

```
PV = C × [1 − (1 + r)^(−n)] / r
```

१० टक्के दराने ३० वर्षांसाठी या सूत्रातला गुणक ९.४३ येतो. म्हणजे तीस वर्षं दरवर्षी एक कोटी मिळणार असतील, तर पहिल्या हप्त्याच्या एक वर्ष आधी त्यांचं एकत्रित मूल्य ९.४३ कोटी. तीस कोटी नव्हे. यातलं 'एक वर्ष आधी' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी चित्र काढा, मग गणित

आता एक धरण घेऊ. खालचे आकडे कोणत्याही खऱ्या प्रकल्पाचे नाहीत, हिशेब सोपा जावा म्हणून धरले आहेत. खर्च १०० कोटी, चार वर्षांत समान हप्त्यांनी. त्यानंतर शेतीचं उत्पन्न दरवर्षी १८ कोटींनी वाढतं, देखभालीला १ कोटी जातात, निव्वळ फायदा १७ कोटी. तो ३० वर्षं मिळतो.

```
वर्ष    ०    १    २    ३  |   ४    ५   ...   ३३
       -२५  -२५  -२५  -२५ | +१७  +१७  ...  +१७
```

हा रोखप्रवाहाचा आराखडा. वेळेची रेषा, खर्च वजा, फायदा अधिक. तो न काढता सूत्रात आकडे टाकले की एका वर्षाची चूक हमखास होते.

चार हप्त्यांचं आजचं मूल्य होतं ८७.२ कोटी. फायद्याची बाजू: १७ गुणिले ९.४३ म्हणजे साधारण १६०.३ कोटी, पण हे तिसऱ्या वर्षाच्या टोकाला. ते आणखी तीन वर्षं मागे आणलं की १२०.४ कोटी. वजाबाकी केली की उरतात ३३.२ कोटी. यालाच निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. ते शून्याच्या वर असेल तर प्रकल्प घेण्यासारखा.

स्प्रेडशीटमध्ये हे करून बघायचं असेल तर एक सापळा आहे. तिथलं `NPV` हे फंक्शन पहिला आकडा आजचा नव्हे, वर्षाच्या शेवटचा धरतं. म्हणून शून्याव्या वर्षाचा आकडा `B2` मध्ये असेल तर असं लिहा:

```
=B2+NPV(10%,B3:B35)
```

सगळा पट्टा थेट आत टाकला तर उत्तर ३०.२ कोटी येईल. चूक मोठी दिसत नाही, म्हणूनच ती सापडत नाही.

उशिराची किंमत

आता तेच धरण, तोच खर्च, त्याच चार वर्षांत. भिंत उभी राहिली, पण कालवे अपुरे राहिले, म्हणून पाणी दहा वर्षं उशिरा शेतात पोचलं.

```
वर्ष    ०    १    २    ३  |  ४ ... १३ |  १४  ...  ४३
       -२५  -२५  -२५  -२५ |     ०     | +१७  ... +१७
```

फायदा तितकाच, तीस वर्षंच. पण १६०.३ कोटी आता तेराव्या वर्षाच्या टोकाला आहेत. आज त्यांची किंमत ४६.४ कोटी उरते. खर्च ८७.२ कोटी होताच. निव्वळ वर्तमान मूल्य उणे ४०.८ कोटी. अधिक ३३ वरून उणे ४१, आणि एकही ठेकेदार महागला नाही, एकही रुपया जास्त लागला नाही.

सीमा कुठे आहे? तीन वर्षं उशीर झाला तर ३.३ कोटी अजून शिल्लक राहतात. चार वर्षं झाला तर ४.९ कोटींचा तोटा. म्हणजे साधारण साडेतीन वर्षांच्या उशिरात चांगला प्रकल्प वाईट होतो. जावळीत काय, राज्यात कुठेही, धरणाच्या हिशेबात साडेतीन वर्षं म्हणजे फार काही नाही.

मग सरकारी कसोटीत हे दिसत नाही का?

इथे गोष्ट रंजक होते. स्वातंत्र्यानंतर बराच काळ सिंचन प्रकल्प पाणीपट्टीतून सरकारला किती परतावा मिळेल यावर जोखला जायचा. १९६४ मध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने हा दृष्टिकोन बदलायला सांगितलं. सरकारच्या तिजोरीऐवजी शेतकऱ्याच्या वाढलेल्या उत्पन्नाकडे बघा, आणि लाभ खर्चाच्या किमान दीडपट असावा. हेच लाभ-व्यय गुणोत्तर १.५. अवर्षणप्रवण भागांसाठी नंतर हा निकष १ पर्यंत शिथिल झाला.

विचार पुढचा होता. पण गुणोत्तर काढायची रूढ झालेली पद्धत ढोबळमानाने अशी: एका पूर्ण वर्षाचा लाभ वर, एका वर्षाचा खर्च खाली. वार्षिक खर्चात एकूण भांडवलावर १० टक्के व्याज, थोडा घसारा आणि देखभाल. आपल्या धरणाला लावून बघा. व्याज १० कोटी, घसारा १ कोटी, देखभाल १ कोटी, एकूण १२. लाभ १८. गुणोत्तर बरोबर १.५, पास.

आणि दहा वर्षं रखडलेल्या धरणाचं? तेही १.५. कारण या भागाकारात पाणी *कधी* येणार याला जागाच नाही. खर्च वाढून 'सुप्रमा', म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागली तरच गुणोत्तर हलतं. माझ्या मते रखडपट्टीची चर्चा नेहमी खर्चवाढीवरच अडकते त्याचं एक कारण हेही आहे.

१९८३ मध्ये नितीन देसाई समितीने हे गुणोत्तर सोडून अंतर्गत परतावा दर वापरायला सुचवलं, साधारण किमान ९ टक्के. अंतर्गत परतावा दर म्हणजे ज्या वटाव दराला निव्वळ वर्तमान मूल्य शून्य होतं तो दर. त्यात काळ आपोआप येतो. तरीही प्रकल्प अहवालांत जुनं गुणोत्तर टिकून राहिलं.

कृष्णा खोऱ्यात काळाचं आणखी एक गणित होतं. बच्छावत लवादाचा निवाडा मे २००० नंतर फेरविचाराला खुला होणार होता. त्याआधी आपल्या वाट्याचं ५६० टीएमसी पाणी अडवायला हवं म्हणून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं, आणि कर्जरोखे काढून एकाच वेळी अनेक कामं सुरू झाली. पाण्याचा हक्क राखायला ते पटण्यासारखं होतं. पण पैसा अनेक कामांवर पातळ पसरला की प्रत्येक काम लांबतं, आणि वरचा दुसरा आराखडा तयार होतो.

दोन प्रकल्पांतून एक निवडायचा असेल तर

समजा त्याच खोऱ्यात मोठ्या धरणाऐवजी बंधाऱ्यांची साखळी शक्य आहे. खर्च ३० कोटी दोन हप्त्यांत, आणि दुसऱ्या वर्षापासून ३० वर्षं दरवर्षी निव्वळ ५.५ कोटी.

```
वर्ष    ०    १  |   २    ...   ३१
       -१५  -१५ | +५.५  ...  +५.५
```

खर्चाचं आजचं मूल्य २८.६, फायद्याचं ४७.१, शिल्लक १८.५ कोटी. धरणाची शिल्लक ३३.२ होती. पण रुपयामागे किती मिळतं ते बघितलं तर बंधारे १.६५ आणि धरण १.३८. दोन कसोट्या दोन उत्तरं देतात.

नियम असा. जागा किंवा पाणी एकच आहे, एक घेतलं की दुसरं होणार नाही, आणि पैशाची अडचण नाही, तर निव्वळ वर्तमान मूल्य ज्याचं जास्त तो प्रकल्प घ्या. गुणोत्तर लहान प्रकल्पाला झुकतं माप देतं. मात्र निधी ठरलेला आहे आणि कामं बरीच आहेत, तर गुणोत्तराच्या उतरत्या क्रमाने यादी करा आणि पैसे संपेपर्यंत खाली या. हे गुणोत्तर दोन्ही बाजू आजच्या मूल्यावर आणून काढलेलं हवं, वरचं एका वर्षाचं नव्हे.

आता उशीर पुन्हा आत आणा. धरण एक वर्ष लांबलं तर शिल्लक २२.३ कोटी, अजून पुढे. दोन वर्षं लांबलं तर १२.३, आणि वेळेत झालेले बंधारे जिंकतात. दर १० ऐवजी १५ टक्के धरला तर वेळेवर झालेलं धरणसुद्धा ८.७ कोटी तोट्यात जातं, बंधारे ३.४ कोटी फायद्यात राहतात. उशिरा फळणाऱ्या प्रकल्पाला चढा दर जास्त झोंबतो. म्हणून कोणी तुम्हाला निव्वळ वर्तमान मूल्याचा एकच आकडा दाखवला तर दोन गोष्टी विचारा: दर किती धरला आणि पहिलं पाणी कोणत्या वर्षी धरलं.

आणखी एक गल्लत नेहमी दिसते. खर्च आजच्या भावाने आणि फायदा पुढच्या वाढीव भावाने मांडला की कोणताही प्रकल्प देखणा दिसतो. दोन्ही बाजू एकाच भावपातळीवर हव्यात, आणि स्थिर भाव धरले असतील तर दरही महागाई वगळून धरलेला हवा.

या पद्धतीची हद्दही आहे. १० टक्के दराने पन्नास वर्षांनंतरचे १०० रुपये आज ८५ पैशांचे ठरतात, म्हणजे नातवंडांच्या पाण्याला हिशेबात जवळपास किंमतच उरत नाही. शिवाय बेरजेत कोणाचा फायदा आणि कोणाची जमीन हे दिसत नाही. ज्याचं शेत बुडतं त्याचा तोटा पहिल्याच वर्षी असतो. पुनर्वसनाची जमीन त्याला बारा वर्षांनी मिळणार असेल, तर त्याच १० टक्क्यांनी आज तिची किंमत तिसऱ्या हिश्श्याहून कमी भरते, आणि हा वजा आकडा बहुतेक आराखड्यांत कुठल्याच वर्षाखाली लिहिलेला नसतो.