५६ कोटीच्या गटातील प्रसामान्य उपगट

नॉर्वेजियन गणिती लुडविग सिलो यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयांनुसार, ५६ = ८ × ७ असल्यामुळे या कोटीच्या प्रत्येक गटात ८ आणि ७ कोटींचे उपगट असतातच; ७ कोटीच्या उपगटांची संख्या ८ ची विभाजक असून तिला ७ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणजे ती १ किंवा ८ असते. ती १ असल्यास तो एकमेव उपगट प्रसामान्य ठरतो. ती ८ असल्यास, ७ अविभाज्य असल्यामुळे कोणत्याही दोन उपगटांत केवळ एकक घटक समाईक राहतो आणि ७ कोटीचे ८ × ६ = ४८ घटक मिळतात; उरलेल्या ८ घटकांतच ८ कोटीचा प्रत्येक उपगट सामावला पाहिजे, म्हणून तो एकच व प्रसामान्य असतो. हाच हिशेब ८ कोटीच्या उपगटांपासून आरंभिल्यास मात्र फसतो, कारण त्यांच्या छेदात एककाखेरीज अन्य घटकही असू शकतात. दोहोंपैकी कोणता उपगट प्रसामान्य, हे केवळ कोटीवरून कळत नाही: नियमित अठ्ठावीस-भुजाकृतीच्या सममितींच्या गटात ७ कोटीचाच तसा आहे, तर आठ घटकांच्या क्षेत्रावरील x → ax + b (a ≠ 0) या रूपांतरणांच्या गटात ८ कोटीचाच, म्हणजे स्थानांतरणांचा.