स्पॉट दरांचे बूटस्ट्रॅपिंग

कूपन रोख्यांच्या किमतींवरून प्रत्येक मुदतीचा स्वतंत्र व्याजदर, म्हणजेच स्पॉट दर, क्रमाक्रमाने काढण्याच्या पद्धतीस बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. भारत सरकारच्या रोख्यांवर सहामाही व्याज मिळते. १८२ दिवसांच्या ट्रेझरी बिलावर मिळत नाही, म्हणून आरंभ तेथून होतो.

समजा, १०० रुपयांचे बिल ९७.५० रुपयांना आणि ७ टक्क्यांचा एक वर्षाचा रोखा १०० रुपयांना मिळतो. पहिल्या ३.५० रुपये व्याजाचे आजचे मूल्य ३.५० × ०.९७५ = ३.४१ रुपये. उरलेले ९६.५९ रुपये ही वर्षअखेरच्या १०३.५० रुपयांची आजची किंमत होय. त्याच प्रमाणात १०० रुपयांच्या एकवर्षीय शून्य-कूपन रोख्याची किंमत ९३.३२ रुपये येते. सहामाही चक्रवाढीने स्पॉट दर ७.०३ टक्के. थेट ७ टक्के धरल्यास किंमत ९३.३५ रुपये येते. शंभर कोटींच्या रोख्यांत ही तफावत सुमारे तीन लाखांची. बाजारभावात साचलेले व्याज मिळवायचे राहिल्यास ती चूक पुढील प्रत्येक मुदतीत उतरते.